विश्लेषण : नोकरीच्या ई-मेलमध्ये कीवर्ड किती आणि कुठे? यंत्राच्या चाळणीला नेमके काय दिसते?

चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा सातपूरच्या एखाद्या कारखान्याने ‘क्वालिटी इंजिनीअर’ची एक जागा जाहीर केली, की दोन दिवसांत मनुष्यबळ विभागाच्या मेलपेटीत अर्जांचा ढीग साचतो. तो सगळा ढीग कोणी वाचत नाही. आधी त्यातून शोध घेतला जातो आणि जे वर येते ते वाचले जाते. त्यामुळे जाहिरातीतले शब्द अर्जात असावेत हे आता दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. अडचण पुढे आहे. ते शब्द कसे आणायचे हे ठाऊक नसल्याने अनेक जण जाहिरातच अर्जात ओततात. शोधयंत्र ते किती मोजते, माणूस ते कसे वाचतो आणि या दोघांच्या मधली वाट कोणती, याचा हा आढावा.

ई-मेल पोहोचतो कुठे?

कंपनीच्या पत्त्यावर पाठवलेला अर्ज साधारण तीनपैकी एका ठिकाणी जातो. लहान कारखान्यात तो थेट मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या मेलपेटीत पडतो. तिथे वेगळी प्रणाली नसते, मेलपेटी हाच संग्रह असतो. जागा निघाली की अधिकारी शोधखिडकीत दोन-तीन शब्द टाकतो आणि जे मेल दिसतील ते उघडतो. मध्यम आणि मोठ्या कंपन्यांत ही मेलपेटी ‘एटीएस’ म्हणजे अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीमला जोडलेली असते. ही प्रणाली मेलसोबत जोडलेला रेझ्युमे उचलते, त्यातला मजकूर सुटा करते आणि नाव, शिक्षण, अनुभव, कौशल्ये अशा रकान्यांत भरते. मेलचा मुख्य मजकूर मग बहुधा टिपण म्हणून त्या उमेदवाराच्या नोंदीला चिकटवला जातो. तिसरी शक्यता अशी, की मेल पाठवल्यावर ‘कृपया या दुव्यावर अर्ज करा’ असे स्वयंचलित उत्तर येते. तसे झाले तर मेलचे काम तिथेच संपले, आता खेळ फॉर्मवर.

आपला मेल यापैकी कोणत्या वाटेने जाणार हे उमेदवाराला आधी कळत नाही. म्हणून तो तिन्ही ठिकाणी चालेल असाच लिहावा लागतो. विषयाची ओळ आणि मजकूर साध्या अक्षरांत असावा, कारण शोधखिडकीला ती अक्षरे दिसतात. मोबाइलवर फोटो काढून जोडलेले प्रमाणपत्र किंवा सहीखाली चिकटवलेले कौशल्यांचे रंगीत चित्र तिला दिसेलच असे नाही.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. ‘७५ टक्के अर्ज यंत्रच फेटाळते’ असे वाक्य समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरते आहे. त्यामागे कोणताही तपासता येण्याजोगा अभ्यास नाही आणि ते सर्वाधिक उत्साहाने सांगतात ते रेझ्युमे दुरुस्त करून देण्याचा व्यवसाय करणारे. बहुतेक प्रणाली अर्ज फाडून टाकत नाहीत. त्या अर्जांना क्रम लावतात किंवा शोधाच्या निकालात दाखवतात, इतकेच. तीनशे अर्जांत दोनशे चाळिसाव्या क्रमांकावर असलेला अर्ज फेटाळला गेलेला नसतो. तो उघडलाच जात नाही. उमेदवाराच्या दृष्टीने फरक शून्य असला, तरी उपाय मात्र त्यामुळे बदलतो. खोट्या दाराला चावी लावत बसण्यापेक्षा योग्य शोधात दिसणे महत्त्वाचे ठरते.

अडथळा खरा आहे का?

आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांनी २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतील नियोक्त्यांच्या पाहणीवर आधारित अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ८८ टक्के नियोक्त्यांनी मान्य केले, की उच्च कौशल्याचे पात्र उमेदवारसुद्धा केवळ जाहिरातीतल्या निकषांशी तंतोतंत न जुळल्याने प्रक्रियेतून बाहेर पडतात. सहा महिन्यांहून अधिक काळ काम नसेल तर अर्ज बाजूला काढणाऱ्या जवळपास निम्म्या कंपन्या असल्याचेही त्यात दिसले. म्हणजे काम येते, पण जाहिरातीच्या भाषेत सांगितलेले नाही, अशी ही गळती आहे.

अशा प्रणालींवर न्यायालयीन वादही सुरू आहेत. वर्कडे या कंपनीच्या छाननी प्रणालीमुळे वयाने मोठे उमेदवार डावलले जातात, असा आरोप करणाऱ्या खटल्यात कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयाने मे २०२५ मध्ये सामूहिक दाव्याला प्राथमिक मंजुरी दिली. कंपनीने आरोप नाकारले आहेत. न्यूयॉर्क शहरात अशा साधनांचे पक्षपात लेखापरीक्षण बंधनकारक करणाऱ्या कायद्याची अंमलबजावणी जुलै २०२३ पासून होते आहे. हे सगळे उमेदवाराच्या हाताबाहेरचे आहे. शब्द मात्र त्याच्या हातात आहेत.

जाहिरातीतले कोणते शब्द ‘कीवर्ड’?

समजावण्यासाठी एक काल्पनिक, पण चाकण पट्ट्यात रोज दिसते तशी जाहिरात घेऊ. पद क्वालिटी इंजिनीअर, पदसंकेत QE-CHK-07. शिक्षण बीई मेकॅनिकल, अनुभव एक ते तीन वर्षे, मशीनिंग क्षेत्रातला. कामे अशी : बाहेरून येणाऱ्या मालाची तपासणी, सीएमएमवर मोजमाप, जीडी अँड टीच्या खुणा असलेली ड्रॉइंग वाचणे, पीपॅपची कागदपत्रे तयार करणे, ग्राहकाच्या तक्रारीवर एट-डी अहवाल लिहिणे. एसपीसी आणि एमएसएचे ज्ञान आवश्यक, आयएटीएफ १६९४९ची माहिती असल्यास प्राधान्य. शेवटी नेहमीची फोडणी : उमेदवार गतिमान, परिणामाभिमुख, संघभावनेने काम करणारा आणि उत्तम संवादकौशल्य असलेला हवा.

यातली फोडणी आधी काढून टाकावी. ‘गतिमान’ हा शब्द शोधखिडकीत टाकून कोणी क्वालिटी इंजिनीअर शोधत नाही. मनुष्यबळ अधिकारी काय टाकतो, हा प्रश्न स्वतःला विचारला की यादी आपोआप आखूड होते. तो पदाचे नाव टाकतो, यंत्राचे किंवा साधनाचे नाव टाकतो, मानकाचा क्रमांक टाकतो, शाखा आणि कधी कधी गाव टाकतो. ही सगळी नामे आहेत. भरती करणारे वापरतात तो बुलियन शोध साधारण असा दिसतो :

```
("quality engineer" OR "QA engineer")
AND PPAP AND (CMM OR "coordinate measuring")
```

या शोधाला होय किंवा नाही एवढेच कळते. PPAP हा शब्द मजकुरात एकदा असला तरी तो अर्ज निकालात येतो, अकरा वेळा असला तरी येतो. अवतरणचिन्हांतले शब्द मात्र त्याच क्रमाने, शेजारी-शेजारी असावे लागतात. जाहिरातीत incoming inspection असेल आणि उमेदवाराने inspected all incoming castings असे लिहिले, तर माणसाला दोन्ही सारखेच वाटते. पण त्या जोडशब्दाचा अवतरणातला शोध त्याला सोडून पुढे जातो. म्हणून क्षेत्रात रूढ असलेले जोडशब्द जसेच्या तसे एकदा वापरावेत. क्रियापदांशी मात्र एवढी निष्ठा ठेवण्याची गरज नाही.

सर्वांत महत्त्वाचा कीवर्ड बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे पदसंकेत. अनेक कंपन्यांत विषयाच्या ओळीतील संकेतावरून मेल वेगळ्या फोल्डरमध्ये वळवण्याचा साधा नियम लावलेला असतो. QE-CHK-07 ऐवजी कोणी QE CHK 7 लिहिले तर नियम लागू होत नाही आणि मेल सर्वसाधारण ढिगात राहतो. इथे शैली दाखवण्यात अर्थ नाही. जाहिरातीतून उचलायचे आणि तसेच चिकटवायचे.

शब्द जास्त वेळा घातला तर गुण वाढतात का?

काही प्रणाली होय-नाहीच्या पुढे जाऊन अर्जांना गुण देतात, क्रम लावतात. ठासून भरण्याची सगळी आशा इथे असते. प्रत्येक कंपनीचे सूत्र गुप्त असते, पण मजकूर शोधण्याचे जगभर सर्वाधिक रुळलेले सूत्र गुप्त नाही. त्याचे नाव ‘बीएम२५’. ल्युसीन आणि तिच्यावर उभ्या असलेल्या इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालींत तेच मूळ सूत्र म्हणून बसवलेले असते. सरासरी लांबीच्या मजकुरात एखादा शब्द tf वेळा आला, तर त्याला मिळणारा वाटा असा :

```
tf × 2.2 / (tf + 1.2)
```

आकडे घालून पाहू. शब्द एकदा आला तर वाटा १. दोनदा आला तर सुमारे १.३८, तीनदा आला तर १.५७. दहा वेळा घातला तरी १.९६, आणि हजार वेळा घातला तरी २.२च्या वर जाता येत नाही. पहिल्या उल्लेखाने १ मिळतो, दुसऱ्याने फक्त ०.३८ वाढतो आणि नंतरचे उल्लेख चिल्लर. उलट जाहिरातीतला जो शब्द अर्जात अजिबातच नव्हता, तो एकदा आणला की थेट १ची भर पडते. त्यातही तो शब्द इतर अर्जांत दुर्मीळ असेल तर त्याचे वजन आणखी जास्त धरले जाते. ‘क्वालिटी’ हा शब्द ढिगातल्या प्रत्येक अर्जात असतो, त्यामुळे त्याची किंमत जवळपास शून्य. एमएसए मोजक्या अर्जांत सापडतो, म्हणून तो भारी पडतो.

आता लांबीचे गणित. याच सूत्रात मजकूर सरासरीच्या दुप्पट लांब झाला, तर नेहमीच्या मूल्यांनुसार एकदा आलेल्या शब्दाचा वाटा १वरून सुमारे ०.७१वर घसरतो. म्हणजे कीवर्डसाठी मेल फुगवला, की आधीच नीट बसलेल्या प्रत्येक शब्दाची किंमत कमी होते. अभियांत्रिकीच्या चौथ्या वर्षात हे सूत्र परीक्षेपुरते पाठ केले होते. नोकरी शोधताना ते कामाचे आहे हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आले नव्हते.

नव्या प्रणाली शब्दांऐवजी अर्थाची जवळीक मोजतात. जाहिरात आणि अर्ज या दोन्हींचे आकड्यांत रूपांतर करून ते एकमेकांच्या किती जवळ आहेत हे पाहिले जाते. तिथे एकाच शब्दाचा जप आणखीच निरुपयोगी ठरतो. वाक्यात तो शब्द कोणत्या कामासोबत आला आहे, याला वजन येते. सगळ्या कंपन्या एकच सूत्र वापरत नाहीत हे खरे, पण कोणत्याही वाटेने गेले तरी पहिला उल्लेख मोलाचा आणि पाचवा व्यर्थ, ही बाब बदलत नाही.

मग तो मेल प्रत्यक्षात लिहायचा कसा?

आपल्या जाहिरातीसाठी एक उमेदवार कल्पू. बीई मेकॅनिकल, भोसरीतल्या एका मशीनिंग युनिटमध्ये १४ महिने ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी. कास्टिंगचा माल आला की तपासतो, सीएमएमवर पहिला नग मोजतो. तीन पार्टच्या पीपॅप फाइलमध्ये मोजमापाचा अहवाल आणि एमएसएचा भाग त्याने तयार केला आहे. हा एमएसए म्हणजे प्रत्यक्षात गेज आर अँड आर अभ्यास : १० नग, ३ ऑपरेटर, प्रत्येकाने ३ वेळा मोजायचे आणि मोजमापातला किती फरक साधनाचा, किती माणसाचा हे काढायचे. दोन तक्रारींवर एट-डी अहवालाच्या पहिल्या चार पायऱ्या त्याने लिहिल्या, पुढच्या वरिष्ठांनी. एसपीसी कॉलेजात शिकला, लाइनवर कधी वापरले नाही. आयएटीएफच्या ऑडिटआधी कागद लावायला मदत केली, प्रमाणपत्र नाही.

त्याने पाठवायला घेतलेला पहिला मसुदा सगळ्यांचा असतो तसाच आहे. आपण पीपॅप, एसपीसी, एमएसए, एट-डी, जीडी अँड टी, सीएमएम आणि आयएटीएफमध्ये प्रवीण असून गतिमान, परिणामाभिमुख क्वालिटी इंजिनीअर आहोत, असे एक लांब वाक्य. खाली पुन्हा ‘प्रमुख कौशल्ये’ म्हणून तीच यादी. तळाला पुन्हा एकदा, स्वल्पविरामांनी जोडलेली.

ठासून भरलेला शब्द ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. तो शब्द वाक्यातून काढून पाहायचा. वाक्य काहीच न बिघडता उभे राहिले तर तो शब्द वर ठेवलेला होता, विणलेला नव्हता. वरच्या वाक्यातून एसपीसी काढा, आयएटीएफ काढा, एमएसए काढा, वाक्याला काही होत नाही. आता दुसरा मसुदा पाहा. विषयाची ओळ आणि मधला परिच्छेद एवढाच इथे दिला आहे :

```
Subject: QE-CHK-07 Quality Engineer, BE Mechanical,
14 months in machining

For 14 months I have been a Graduate Engineer Trainee in
the quality department of a machining unit in Bhosari.
I do incoming inspection of castings and first-piece
measurement on the CMM, working from GD&T drawings.
For three parts I prepared the dimensional report and the
MSA study, 10 pieces and 3 operators, in the PPAP file.
I wrote steps D1 to D4 of two 8D reports.
```

यात जाहिरातीतले सहा तांत्रिक शब्द आहेत आणि प्रत्येक एकदाच. पण त्यातला एकही बाहेर काढता येत नाही. CMM काढला तर मोजमाप कशावर केले हा प्रश्न उरतो, PPAP काढला तर तो अहवाल कोणत्या फाइलसाठी होता हे कळत नाही. प्रत्येक शब्दाला काम, वस्तू किंवा आकडा यांपैकी काहीतरी टेकू आहे. माणसालाही तेच हवे असते. गुणवत्ता विभागाचा प्रमुख ‘१० पीसेस, ३ ऑपरेटर्स’ वाचताच ओळखतो, की याने हा अभ्यास खरोखर केला आहे. ‘एमएसएमध्ये प्रवीण’ वाचून त्याला काहीच कळत नाही.

पदनामाचा पेच वेगळा आहे. उमेदवाराचे सध्याचे पद ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी, शोध मात्र होणार ‘क्वालिटी इंजिनीअर’ या जोडशब्दाचा. सध्याचे पदनाम बदलून लिहिणे हा सरळ खोटेपणा आहे आणि अनुभवपत्र मागितले की तो उघडा पडतो. पण ज्या पदासाठी अर्ज करतो आहोत त्याचे नाव लिहिण्यात काहीच गैर नाही. विषयाच्या ओळीत ते आले, शोधाला सापडले, आणि मजकुरात खरे पदनाम जसेच्या तसे राहिले.

जे येत नाही त्याचे काय?

दुसऱ्या मसुद्यात एसपीसी आणि आयएटीएफ नाहीत, आणि हीच जागा उमेदवाराला सर्वांत जास्त खुणावते. जाहिरातीत एसपीसी ‘आवश्यक’ आहे. गंमत अशी, की शब्दशोधाला नकार कळत नाही. ‘एसपीसी लाइनवर वापरलेले नाही’ असे लिहिले तरी PPAP AND SPC या शोधात तो अर्ज येतोच. मग ते लिहावे का? मला वाटते, सांगण्यासारखे काही असेल तर जरूर. उदाहरणार्थ, एक्स-बार आर चार्ट कॉलेजच्या प्रकल्पात काढले आहेत, लाइनवर अजून नाही, असे एक प्रामाणिक वाक्य चालून जाते. वाचणाऱ्याला उमेदवार नेमका कुठे उभा आहे ते कळते आणि मुलाखतीत धक्का बसत नाही. फक्त शोधात सापडावे म्हणून ‘मला एसपीसी, एफएमईए, एपीक्यूपी येत नाही पण शिकायची तयारी आहे’ अशी माळ लावली, तर ती ठासून भरण्याचीच सभ्य आवृत्ती झाली. वाचणारा ती एका नजरेत ओळखतो.

आयएटीएफबाबत मात्र दुरुस्ती करता येते. ऑडिटच्या आधी गेज कॅलिब्रेशनच्या नोंदी लावून दिल्या असतील, तर ‘आयएटीएफ १६९४९ ऑडिटसाठी कॅलिब्रेशन नोंदी तयार केल्या’ हे खरे आहे आणि पुरेसे आहे. ‘आयएटीएफ ऑडिटर’ हे खरे नाही. कीवर्ड दोन्हीकडे तोच, पण दुसरे वाक्य मुलाखतीच्या तिसऱ्या मिनिटाला कोसळते. या क्षेत्रात मुलाखत घेणारा बहुतेक वेळा स्वतः दुकानमजल्यावरून वर आलेला असतो. तो फाइल मागत नाही, ‘गेज आर अँड आर किती टक्के आला होता?’ एवढेच विचारतो. १० टक्क्यांच्या आत आला तर साधन चांगले, १० ते ३० मध्ये परिस्थिती पाहून स्वीकार्य, त्यावर गेला तर नाही. ज्याने अभ्यास केला आहे त्याला आकडा आठवतो.

पांढऱ्या अक्षरांची युक्ती का फसते?

पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या, बारीक अक्षरांत अख्खी जाहिरात चिकटवायची, म्हणजे माणसाला दिसणार नाही आणि यंत्राला दिसेल, ही युक्ती कॉलेजांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत दरवर्षी नव्याने शोधली जाते. रेझ्युमेत ती फसते, कारण एटीएस मजकूर सुटा करते तेव्हा रंग गळून पडतो आणि भरती करणाऱ्याच्या पडद्यावर तो सगळा मजकूर काळ्या अक्षरांत उमटतो. उमेदवाराच्या नावाखाली कंपनीचीच जाहिरात वाचायला मिळणे, हा कोणत्याही अधिकाऱ्यासाठी अर्ज बंद करायला पुरेसा प्रसंग आहे.

ई-मेलमध्ये तर नुकसान आणखी आधी होते. मेल मनुष्यबळ विभागापर्यंत जाण्याआधी स्पॅमच्या चाळणीतून जातो, आणि लपवलेला मजकूर हे स्पॅमचे जुने लक्षण आहे. स्पॅमअसॅसिन या सर्व्हरवर मोठ्या प्रमाणात वापरल्या जाणाऱ्या चाळणीत त्यासाठी HTML_FONT_LOW_CONTRAST नावाचा स्वतंत्र नियमच आहे. अक्षराचा रंग पार्श्वभूमीशी मिळताजुळता असला की मेलच्या खात्यावर संशयाचे गुण चढतात. एका नियमाने मेल अडेलच असे नाही, पण नव्या पत्त्यावरून, जोडलेल्या फाइलसह आलेल्या मेलला असे गुण परवडत नाहीत. काही जणांच्या बाबतीत हे नकळत घडते. संकेतस्थळावरून किंवा वर्डमधून मजकूर उचलून मेलमध्ये चिकटवला, की मूळ रंग आणि अक्षरवळण सोबत येतात. म्हणून मजकूर आधी नोटपॅडमध्ये चिकटवून, तिथून पुन्हा उचलून मेलमध्ये टाकावा. सगळी सजावट वाटेत गळते.

पाठवण्याआधी काय तपासावे?

नोटपॅडचा दुसरा उपयोग इथेच आहे. जोडायचा पीडीएफ रेझ्युमे उघडून सगळा मजकूर निवडायचा आणि नोटपॅडमध्ये चिकटवायचा. प्रणालीला साधारण तेच दिसणार असते. दोन स्तंभांचा देखणा नमुना असेल, तर डावीकडची कौशल्ये आणि उजवीकडचा अनुभव एकाच ओळीत मिसळलेले दिसू शकतात. मेलमधले जोडशब्द रेझ्युमेत तुटले असतील, तर मेल कितीही नेटका असला तरी एटीएसच्या रकान्यांत गोंधळच भरला जाणार. रेझ्युमे पीडीएफऐवजी चित्र असेल तर नोटपॅड रिकामे राहते आणि प्रश्नच मिटतो.

त्यानंतर त्याच नोटपॅडमध्ये Ctrl+F दाबून जाहिरातीतला एकेक शब्द शोधावा, मेलच्या मजकुरातही आणि रेझ्युमेच्याही. शून्य आले तर तो अनुभव खरोखर नाही की फक्त दुसऱ्या नावाने लिहिला आहे, हे पाहावे. ‘थ्री-डी मेजरिंग मशीन’ लिहिले आणि जाहिरातीत CMM असेल, तर तो दुसरा प्रकार. लघुरूप आणि पूर्ण रूप या दोन्हींची सोय रेझ्युमेत करावी, मेलमध्ये जाहिरातीत आहे तेच रूप पुरते. GD&T सारख्या शब्दांत एक खोच आहे. अनेक शोधप्रणाली मधल्या चिन्हाशी शब्द तोडतात आणि gd व t असे दोन तुकडे साठवतात. म्हणून रेझ्युमेत एकदा त्याचे पूर्ण रूपही असलेले बरे. मेलमध्ये एखादा तांत्रिक शब्द तीनपेक्षा जास्त वेळा सापडला, तर वरचे १.५७ आणि १.९६ आठवावेत आणि एकदोन उल्लेख काढून टाकावेत.

पाठवल्यावर काय घडले हे कळण्याच्या खुणाही थोड्या आहेत. कंपनीच्या फॉर्मवर रेझ्युमे चढवल्यावर रकाने आपोआप भरतात, तिथे पदनामाच्या जागी कॉलेजचे नाव आले असेल तर मजकूर नीट सुटा झालेला नाही, आणि मेलमधून पाठवला तरी तसेच झाले असणार. फॉर्म भरल्यावर रात्री दोन वाजता, पाच मिनिटांत नकार आला तर त्याचा कीवर्डशी फारसा संबंध नसतो. अनुभवाची वर्षे, नोटीस कालावधी, अपेक्षित पगार किंवा गाव अशा एखाद्या थेट प्रश्नाच्या उत्तरावर तो नियमाने बाहेर पडलेला असतो, आणि तिथे मेल पुन्हा लिहून उपयोग नाही. नुसत्या ई-मेलने केलेल्या अर्जाला असा नकार क्वचितच येतो, बहुतेकदा शांतता असते. आठवडाभराने त्याच धाग्यात, विषयाची ओळ न बदलता दोन ओळींची आठवण पाठवता येते. अधिकारी मेलपेटीतच शोधत असेल, तर पदसंकेतासह तो मेल पुन्हा वर येतो.